मजल्यावरच्या दिव्यांचं पत्र: प्रकल्प नोंदी

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

काम साधं आहे. तिसऱ्या मजल्यावर आमच्यासह आठ घरं, बाकीच्या सातही घरांना पत्र द्यायचं आणि एका संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी मिळून दिवे लावायचे. ऐन दिवाळीत हे जमत नाही, कारण लक्ष्मीपूजनाला ज्याच्या-त्याच्या घरात पूजा असते, निम्मी घरं गावाला गेलेली असतात आणि उरलेल्यांकडे पाहुणे असतात. म्हणून त्रिपुरी पौर्णिमा धरली. यंदा ती बुधवारी, ५ नोव्हेंबरला आहे. तोवर सगळे परतलेले असतील आणि दिवाळीच्या पणत्याही अजून माळ्यावर गेलेल्या नसतील.

त्याच दिवशी गुरुनानक जयंती येते. ३०७ मधलं शीख कुटुंब संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात असणार. तारीख ठरवण्याआधीच वहिनींना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "आठपर्यंत येणं कठीण, सव्वाआठला पोचू." म्हणून सात ते आठऐवजी साडेसात ते साडेआठ ही वेळ धरली.

मजल्याची रचना सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच अडलं. लांबट कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना चार-चार दारं, मधोमध लिफ्ट. एका टोकाला जिना आणि त्याची जाळीची खिडकी, दुसऱ्या टोकाला वीजमीटर आणि गॅसच्या पाइपची डक्ट. लिफ्टसमोर छताला धुराचा सेन्सर. आणि जवळजवळ प्रत्येक दाराबाहेर चपलांचं कपाट.

रविवार, २६ ऑक्टोबर

पत्राचा पहिला मसुदा सकाळी लिहिला. सवयीने हात पत्रिकेच्या भाषेकडे वळला:

"सप्रेम नमस्कार, वि. वि. त्रिपुरी पौर्णिमेच्या शुभमुहूर्तावर आपल्या मजल्यावर दीपोत्सवाचे आयोजन केले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती."

समोरच्या काकूंना वाचायला दिला. चष्मा लावून त्यांनी शेवटपर्यंत वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी कोण येणार आहेत?" दुसरा प्रश्न, "प्रसादाचं कोण बघतंय? शिरा मी करते." पत्रात पूजेचं अक्षर नव्हतं, तरी काकूंना पूजाच दिसली. मग ३०३ मधल्या भाभींना काय दिसेल? त्यांचं कुटुंब मुस्लिम आहे आणि मजल्यावर येऊन त्यांना वर्षही झालेलं नाही. पूजेचं आमंत्रण समजून त्या गोड बोलून टाळतील आणि त्यात त्यांचं काहीच चुकणार नाही.

"सहकुटुंब सहपरिवार" सुद्धा खटकायला लागलं. ३०४ मध्ये तीन मुलं भाड्याने राहतात, त्यांचं कुटुंब इथे नाही. ३०८ मधल्या ताई एकट्या राहतात. ३०५ मधल्या काकू श्रावणात गेल्या, आता काका एकटेच आहेत. "सौ. व श्री." लिहायला घेतलं तर सातपैकी तीन पाकिटांवर पेन थांबतं. मग नावंच काढून टाकली आणि प्रत्येक पाकिटावर "३०४ मधील सर्वांना" असा फ्लॅटनंबर घातला. भाडेकरू असोत वा मालक, पत्र दारामागे राहणाऱ्यांना आहे, हे त्यातून आपोआप कळतं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज एक घोळ झाला. मुलाने उत्साहाच्या भरात मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकलं की पाच तारखेला कॉरिडॉरमध्ये दिवे लावायचेत. दुपारपर्यंत पाच अंगठे, दोन "नक्की", एक हात जोडलेलं चित्र आणि ३०६ कडून "वर्गणी किती?" एवढं जमलं.

अंगठ्यांवरून काही म्हणजे काही कळत नाही. किती जण येतील, किती दिवे लागतील, कोणाला अडचण आहे, यातलं काहीच नाही. उलट आता पत्र गेलं तर "हे तर ग्रुपवर आलंच होतं" म्हणून न उघडताच बाजूला पडायची भीती. मुलाला बोलले नाही, पण ग्रुपवर एवढंच टाकलं की सविस्तर घरी येऊन सांगते. हे करून पाहणाऱ्यांना सांगणं आहे की आधी कागद, मग ग्रुप. आणि ग्रुपवरही फक्त आदल्या दिवशीची आठवण.

वर्गणीच्या प्रश्नाचा एक फायदा झाला. लोकांच्या मनात पहिलं काय येतं ते कळलं. पत्राला चार गोष्टींचं उत्तर द्यावं लागणार: पैसे द्यायचे का, पूजा आहे का, काय आणायचं, किती वेळ मोडायचा. ही उत्तरं मिळाली तर बाकीचं पत्र लोक वाचतील.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे लेखी अर्ज दिला. मजला आपलाच असला तरी कॉरिडॉर सामाईक आहे, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच. त्यांनी नकार दिला नाही, पण अटी घातल्या, आणि सगळ्या रास्त होत्या. दिवे एकाच भिंतीकडेला, म्हणजे दुसरी बाजू चालायला पूर्ण मोकळी. डक्टपासून दोन्ही बाजूंना किमान सहा फूट काही नाही. जिन्याचा दिवा आणि आपत्कालीन दिवे बंद करायचे नाहीत. सेन्सर झाकायचा नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मागे कोणीतरी होमाच्या वेळी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती आणि ती पुढे कित्येक आठवडे तशीच राहिली.

मग आम्ही दोघांनी मजल्यावरचं अग्निशामक नळकांडं पाहिलं. काटा हिरव्या पट्ट्यात होता, पण चिठ्ठीवरची पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेली होती. सेक्रेटरींनी तळमजल्यावरचं चालू तारखेचं वर आणून ठेवलं. दिवे लावायचे नसते तर हे कोणाच्या लक्षात आलं असतं कोण जाणे.

एकाच भिंतीच्या अटीवरून मात्र कुरबुर झाली. सम नंबरांची दारं ज्या बाजूला, ती भिंत दिव्यांसाठी ठरली. ३०१ मधल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या दारात अंधार?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पौर्णिमेला स्वतःच्या उंबऱ्यावर दिवा नाही, हे त्यांना पटेना. तोडगा असा निघाला की विषम नंबरांच्या घरांनी एक दिवा उंबऱ्याच्या आत, आपल्या घरात ठेवायचा आणि दार उघडं ठेवायचं. बाकीचे समोरच्या भिंतीला.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज चाचणी घेतली. ही न घेता पत्रं वाटली असती तर पत्रात खोटं लिहिलं गेलं असतं.

संध्याकाळी साडेसातला, म्हणजे ठरलेल्या वेळीच, भिंतीकडेला दहाबारा पणत्या लावल्या. वेळ तीच हवी, कारण जिन्याच्या खिडकीतून येणारा वारा दुपारी नसतो आणि संध्याकाळी असतो. जिन्याकडच्या तीन पणत्या पाच मिनिटांत विझल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. खिडकी बंद केली तर वारा थांबला, पण कॉरिडॉरमध्ये तेलाचा वास साचायला लागला. ३०६ मधल्या आजोबांना दमा आहे, त्यामुळे खिडकी बंद करणं बादच.

त्यावर उपाय काचेच्या पेल्यांचा. पेल्यात साधारण निम्म्यापर्यंत पाणी, त्यावर बोटाच्या पेरभर तेल आणि तेलावर तरंगती वात. पेल्याची कड ज्योतीला आडोसा देते. पेला फार रिकामा ठेवला तर ज्योत तळाशी घुसमटते, काठोकाठ भरला तर वारा लागतो. तेल काठापासून साधारण दोन बोटं खाली असलं की छान तेवते. याचा मोठा फायदा नंतर दिसला. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते, थोडी तडतडते आणि दिवा आपसूक विझतो. कोणी विसरून झोपलं तरी काळजी नाही. वाऱ्याच्या टोकाला पेले आणि मधल्या भागात पणत्या, असं ठरवलं.

दुसरी अडचण पणत्या उचलल्यावर दिसली. प्रत्येकीखाली फरशीवर तेलाचं गोल कडं. भाजलेल्या मातीची साधी पणती तेल पिते आणि तळातून बाहेर पाझरते. नव्या पणत्या काही तास पाण्यात बुडवून मग उन्हात पूर्ण वाळवल्या की मातीची तेल पिण्याची भूक बरीच कमी होते. पूर्ण वाळवणं महत्त्वाचं. घाईत ओलसर पणतीत तेल घातलं तर वात फुरफुरते आणि तेलाचे थेंब उडतात. तरीही खाली स्टीलची ताटली हवीच. प्रत्येकाकडे जुन्या ताटल्या असतात, त्या पत्रातून मागवायच्या.

तेलाचं माप घरी घेतलं. दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण दहा मिलीलीटर तेलावर भिजवून वाळवलेली पणती दोन तासांच्या आसपास तेवली. आपल्याला तासभरच हवीय, म्हणून एक चमचा पुरेसा. लोक प्रेमाने काठोकाठ तेल ओततात आणि मग कार्यक्रम संपला तरी पणत्या दीड-दोन तास जळत राहतात. त्या राखत कोण बसणार?

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगी निघाली. जळत्या दिव्यांनी सेन्सरला काहीच केलं नाही. चाचणी संपली तेव्हा ३०६ मधल्या छोट्याने ओळीने फूऽऽ फूऽऽ करत लिफ्टसमोरच्या चार पणत्या विझवल्या आणि मिनिटभरात सायरन वाजला. जळती वात फार धूर सोडत नाही, विझलेली सोडते. वातीतलं तेल गरम असतं, ते जळायचं थांबतं आणि पांढरा धूर होऊन सरळ वर जातं. चार वातींचा धूर एकदम, तोही नेमका सेन्सरखाली. खालून वॉचमन धावत आले, वरच्या मजल्यावरचे दोघं जिन्यात उतरले. आजोबा दारात येऊन म्हणाले, "बरं झालं, चालू तर आहे."

आता दोन नियम. लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत दिवा नाही. आणि फुंकून विझवायचा नाही, चमच्याच्या टोकाने वात तेलात बुडवायची. धूर जवळजवळ होतच नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

३०५ चं पत्र कसं लिहायचं यावर दोन दिवस अडून होते. काकू जाऊन तीन महिनेही झालेले नाहीत, काकांकडे यंदा सण नाही. पत्र न द्यावं तर सातपैकी एकच दार वगळल्यासारखं, द्यावं तर जखमेवर बोट. ग्रुपवरचं त्यांनी वाचलं असणारच.

शेवटी कागद न घेताच गेले. सरळ विचारलं, "काका, बुधवारी बाहेर दिवे लावतोय. तुमच्या दाराशी काय करू?" काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावा. माझ्या दारात मात्र रांगोळी नको. आणि मला कोणी शुभेच्छा देऊ नका, म्हणजे झालं. बाहेर येऊन बसेन कदाचित, नाहीतर नाही."

त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं सगळ्यांच्या पत्रात एका वाक्यात घातलं, म्हणजे बोट कोणाकडेच जात नाही. आणि आपल्याला माहीत नसलेलं असंच काही आणखी एखाद्या घरात असेल, तर त्यांचीही सोय होते.

३०६ मधल्या वहिनींनी आज भेळेचा प्रस्ताव मांडला. "नुसते दिवे काय बघायचे तासभर?" खायचं ठेवू नये यावर मी ठाम राहिले. एका बाजूला ज्योती, दुसऱ्या बाजूला चालायची वाट, त्यात पोरांच्या हातात कागदी प्लेटा नकोत. शिवाय कोण काय खातं हा प्रश्नच मधे येत नाही. वहिनी नाराज झाल्या. नऊनंतर त्यांच्या घरी भेळ असं ठरलं आणि मिटलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

पत्र हाताने लिहिलं आणि झेरॉक्स काढल्या. पुढे मराठी, मागे तोच मजकूर हिंदीत, ३०४ च्या मुलांसाठी आणि भाभींसाठी. अखेरचा मजकूर असा:

"नमस्कार,

बुधवार, ५ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसात ते साडेआठ आपण मजल्यावरचे सगळे मिळून कॉरिडॉरमध्ये दिवे लावूया. पूजा, आरती, प्रसाद, भाषण काही नाही. वर्गणी नाही. दिवे लावायचे, बसायचं, गप्पा मारायच्या.

प्रत्येक घरातून चार दिवे आणि ते ठेवायला जुन्या स्टीलच्या ताटल्या आणाव्यात. पणत्या नव्या असतील तर मंगळवारी पाण्यात भिजवून वाळवून ठेवाव्यात. तेल आणि वाती माझ्याकडे आहेत. तेल प्रत्येक दिव्यात एकच चमचा घालू, तासाला तेवढं पुरतं.

दिवे फक्त सम नंबरांच्या बाजूच्या भिंतीला लागतील. समोरची बाजू आणि लिफ्टसमोरची जागा मोकळी राहील. बुधवारी दुपारी चपलांची कपाटं तेवढी आत घ्यावीत. दिवे फुंकून विझवू नयेत, सायरन वाजतो. गुरुवारी ऐकलात तो त्यामुळेच. ओढणी, पदर आणि लहान मुलं यांच्यावर प्रत्येकाने लक्ष ठेवावं.

कोणाला यंदा सण करायचा नसेल, किंवा दिवे लावायचे नसतील, त्यांनी नुसतं येऊन बसलं तरी चालेल. दारासमोर दिवा ठेवावा की नाही हे ज्याने-त्याने सांगावं, तसंच होईल. धुराचा त्रास असेल तर तेही सांगा. बसायला आपापली खुर्ची आणा.

साफसफाई मी आणि ३०४ ची मुलं करू.

तुमची ३०१ समोरची शेजारीण"

शेवटची सही बघून काकू हसल्या, कारण ३०१ म्हणजे त्याच. पण मजल्यावर मला त्याच नावाने ओळखतात.

"साफसफाई" च्या ओळीबद्दल. मुलांना आधी विचारून त्यांचं नाव घातलं. त्यांना हे आमंत्रणापेक्षाही आवडलं असावं. एरवी सोसायटीकडून त्यांना आवाजाबद्दलच निरोप जातात.

प्रत्येक पत्राबरोबर दोन वाती दिल्या, कागदाच्या घडीत ठेवून. कोणाच्याही दाराखालून सरकवलं नाही, बेल वाजवून हातात दिलं. ३०५ ला वाती घातल्या नाहीत.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पत्राच्या तळाशी "येणारे किती" अशी फाडून द्यायची पट्टी ठेवायचा विचार होता, बरं झालं ठेवली नाही. दारातच उत्तरं मिळाली. ३०३ च्या भाभींनी पत्राची मागची बाजू माझ्यासमोरच वाचली, मग आत जाऊन परत आल्या आणि विचारलं, "काचेच्या मोठ्या कंदिलासारखं एक आहे, मेणबत्तीचं. चालेल?" चालेलच काय, वाऱ्याच्या टोकाला तेच हवं होतं. ३०८ च्या ताईंना बुधवारी उशिरापर्यंत काम आहे, त्यांनी दिवे आजच आणून दिले.

३०६ च्या आजोबांनी धुराचं सांगितलं. तिळाचं की सूर्यफुलाचं हे त्यांच्या घरी लावून पाहिलं, त्यांना दोन्हींनी फरक पडला नाही. वात मोठी झाली की मात्र खोकला. ज्योत उंच गेली, टोक काळपट झालं की काजळी सुटते. वात पणतीच्या काठाबाहेर ज्वारीच्या दाण्याएवढीच ठेवायची, हा उपाय निघाला. बाकी सगळ्यांच्या वाती मी स्वतः ओढून घेणार.

३०६ चे दादा अजून विचारतायत, "पण वर्गणी खरंच नाही?"

बुधवार, ५ नोव्हेंबर

दुपारी चपलांची कपाटं हलवायला सर्वांत जास्त वेळ गेला. दोन कपाटं दारातून आतच जाईनात, शेवटी ती गच्चीच्या जिन्याखाली नेली. हे आदल्या दिवशी करायला हवं. कपाटं हटल्यावर कॉरिडॉर केवढा रुंद आहे हे पहिल्यांदाच दिसलं, आणि मागे वर्षाची धूळही. ती झाडण्यात अर्धा तास गेला. दिव्यांजवळ धूळ-जाळ्या नकोतच.

सातला ओळ मांडली. दारांसमोरची जागा सोडून फक्त दोन दारांमधल्या भिंतीला दिवे, प्रत्येक ताटलीत दोन, म्हणजे लाथ लागली तरी तेल ताटलीतच राहील. डक्टपासूनचे सहा फूट खडूने आखले. अग्निशामकाशेजारी वाळूची बादली आणि जाड, ओला करून घट्ट पिळलेला टॉवेल. तेल पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही, त्या पिळलेल्या ओल्या टॉवेलने झाकायचं, हे ३०४ च्या मुलांना नीट सांगून ठेवलं. पाळीने त्यांच्यातला एक जण कायम तिथे बसला.

साडेसातला कॉरिडॉरचे मोठे दिवे बंद केले, जिन्यातला तेवढा चालू. आजोबांनी पहिला दिवा लावावा असं काकूंचं म्हणणं होतं. आजोबा म्हणाले, "मी खुर्चीतून उठणार नाही, पोरं लावतील." पोरांनी लावले, पण आगपेटीने नाही. लांब दांड्याचा, ज्योत येणारा लायटर एका मोठ्याच्या हातात, त्याचा हात धरून पोरं. आगपेटीची जळती काडी खाली पडण्याची भीती त्यात नाही.

पहिली दहा मिनिटं सगळे आपापल्या दारातच उभे होते. खुर्च्या दाराशी मांडलेल्या, त्यामुळे लांबून लांबून बोलणं. मग ३०६ च्या दादांनी स्वतःची खुर्ची उचलून मधल्या भागात आणली आणि आणखी दोन-तीन आल्या. खुर्च्या आधीच लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत गोल मांडायला हव्या होत्या. तिथे दिवे नाहीत, म्हणजे जागा बसण्यासाठीच होती.

जिन्याकडची एक पणती विझत राहिली. तिच्या जागी भाभींचा कंदील ठेवला आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. एकदा ३०१ च्या दाराआतला दिवा पडद्याच्या फार जवळ दिसला, दार उघडं असल्याने पडदा हलत होता. मुलाने जाऊन पडदा गाठ मारून वर बांधला. विषम नंबरांच्या घरांना पत्रात हे सांगायलाच हवं होतं: उंबऱ्याआत दिवा, तर पडदा काढून ठेवा.

काका आठच्या सुमारास बाहेर आले, आजोबांशेजारी बसले, दोघं सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. कोणी शुभेच्छा दिल्या नाहीत. ३०७ चं कुटुंब सव्वाआठला गुरुद्वाऱ्यातून थेट आलं, तेव्हा पणत्यांमधलं तेल खाली गेलं होतं. वहिनींना स्वतःच्या हाताने दिवा लावायचा होता. त्यांच्यासाठी चार पेले बाजूला ठेवले होते ते लावले.

साडेआठपासून पणत्या आपोआप विझायला लागल्या. चमच्याने बुडवायला फक्त सात-आठ राहिल्या. सायरन वाजला नाही. पेले पावणेदहापर्यंत चालले, म्हणजे पेल्यात तेल जास्त पडलं होतं. पेरभर फार होतं, अर्ध्या पेराने भागेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी फरशीवर मोजके डाग. ताटलीतून उचलताना सांडलेलं तेल तेवढं. त्यावर कोरडी रांगोळी दाबून पसरली, तासाभराने ती तेल पिऊन पिवळी पडली, झाडून काढली, मग भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी. एका ठिकाणी कोट्याची फरशी आहे, तिथला डाग अजून दिसतो. अशी फरशी असेल तर ताटलीखाली वर्तमानपत्राऐवजी आणखी एक मोठं ताट ठेवा. वर्तमानपत्र तेल ओढतं, आणि पेटायला तेच पहिलं.

खर्च: झेरॉक्स ४० रुपये, तरंगत्या वाती ६०, नव्या पणत्या १००. तेल घरातलंच. वेळ मात्र अंदाजापेक्षा बराच गेला. दिव्यांवर नव्हे, पत्रावर आणि दारोदारी बोलण्यात.

पुढच्या पत्रात बदलायचं ते पत्राच्या प्रतीवरच पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: कपाटं मंगळवारी आत घ्या. दारातले पडदे काढा. खुर्च्या लिफ्टसमोर मांडल्या जातील. पेल्यात तेल अर्ध्या पेराएवढंच. ३०६ च्या दादांनी सकाळी तेलाच्या बाटलीचे पैसे द्यायचा पुन्हा प्रयत्न केला. त्यांना पुढच्या वेळी वाळूची बादली आणायला सांगितलंय.